निदान आलं, उत्तर नाही

शनिवारी सकाळी गाडी कर्जतला थांबलेली असताना मला माझ्या आजाराचं निदान मिळालं. 'मला वाटतं तुझी अटॅचमेंट स्टाइल अँक्शस आहे. राग मानू नकोस. हे भरून बघ.' म्हणजे जवळच्या माणसाला धरून राहायची माझी तऱ्हा काळजीखोर. खाली एका प्रश्नावलीची लिंक आणि हात जोडलेला इमोजी. निदान करणारे गृहस्थ मेकॅनिकल इंजिनिअर आहेत. मी मानसशास्त्रात एमए केलंय आणि ज्युनिअर कॉलेजात तोच विषय शिकवते. हे बायोडेटात दुसऱ्या ओळीत लिहिलेलं आहे, जन्मवेळेच्या आधी.

मामला साधा आहे. स्थळ आलं, 'आधी तुमचं तुम्ही बोलून घ्या' म्हणून दोन्हीकडच्यांनी नंबर दिले आणि काही आठवडे बोलणं छान चाललं. गुरुवारी रात्री फोनवर इतका वेळ बोललो की कान बदलून बदलून दोन्ही गरम झाले. वडिलांच्या आजारपणाबद्दलचं काहीतरी त्याने मला सांगितलं, जे तोवर म्हणे कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यानंतर शुक्रवार अख्खा गेला आणि तिकडून हूं की चूं नाही.

मी काय केलं ते स्क्रीनवर आहेच, लपवण्यात अर्थ नाही. 'काल छान वाटलं बोलून.' मग 'बिझी दिसतोयस.' मग 'ओके.' मग एक मेसेज लिहून पुसला. पुसल्यावर तिथे 'मेसेज डिलीट केला' अशी पाटी राहते, म्हणजे जे लपवायचं त्याचाच फलक लागतो. संध्याकाळी स्टेटसला पावसाचा फोटो टाकला. पाऊस मला आवडत नाही, पण तो फोटो एकाच माणसासाठी होता. त्या माणसाने तो बघितला. बघणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव आलं आणि मेसेजवरच्या टिका मात्र राखाडीच. म्हणजे हात शाबूत आहेत, अंगठा चालतो, नेट आहे.

आता शिकवणाऱ्या बाईची खोड म्हणा, पण हे अटॅचमेंट स्टाइलचं प्रकरण जिथून आलं ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. मेरी एन्सवर्थ नावाच्या बाईंनी अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये वर्षभराच्या पोरांवर एक प्रयोग केला. अनोळखी खोली, खेळणी, आई. आई उठून बाहेर जाते, तीन मिनिटांच्या आसपास, आणि परत येते. सगळ्यांना वाटतं की आई गेल्यावर पोर किती रडतं त्यावर पारख होते. तसं नाही. एन्सवर्थबाईंनी सगळ्यात बारकाईने बघितलं ते आई परत आल्यावर पोर काय करतं ते. बरीच पोरं आईकडे झेपावतात, शांत होतात, पुन्हा खेळायला लागतात. काही आईला घट्ट धरतात आणि त्याच हाताने तिला फटकेही मारतात, ती अँक्शस. आणि काही वळूनसुद्धा बघत नाहीत, ठोकळ्यांशी खेळत बसतात, जणू कोण आलं नि कोण गेलं. पुढे अशा पोरांच्या हृदयाचे ठोके मोजले, तर खेळणाऱ्या त्या शांत पोराचेही वाढलेले निघाले.

म्हणून मेसेज किती तासांनी आला याचे हिशेब ठेवणाऱ्या माझ्या मैत्रिणींना मी नेहमी सांगते, तास मोजू नका, परत आल्यावरचं बघा. घट्ट धरून मारणारी माणसं लिहितात, 'आली का आठवण?' किंवा तिकडून उत्तर आलं की मुद्दाम तितकाच वेळ फोन पालथा घालून बसतात आणि बसल्या जागी झुरतात. ठोकळेवाली माणसं परत येतात ती एखादं रील घेऊन. मधल्या काळाचा उल्लेख नाही, गुरुवारच्या फोनचा तर नाहीच, एकदम मांजर पियानो वाजवतंय. आणि त्यांचं नाहीसं होणं भांडणानंतर येत नाही, जवळीक झाल्यावर येतं. हे कुणी लक्षातच घेत नाही. जितकं मोकळं बोलले तितकं दुसऱ्या दिवशी त्यांना अंगावर आल्यासारखं होतं. गुरुवारी वडिलांचं सांगितलं, म्हणून शुक्रवार कोरा गेला. मला हे सगळं माहीत होतं. माहीत असूनही पावसाचा फोटो टाकला, ही त्या एमएची किंमत.

"टिंब का दिलंत?"

शेजारच्या सीटवरून आवाज आला. साठीचे गृहस्थ, शर्टाच्या खिशाला दोन पेनं, मांडीवर रेक्झिनची बॅग आणि तिच्यावर कर्जतचा वडापाव. नजर थेट माझ्या स्क्रीनवर.

"काय?"

"ओके-नंतर टिंब दिलंय तुम्ही. नुसतं ओके म्हणजे ओके. टिंब दिलं की समोरच्याला कळतं, ओके नाहीये. सॉरी हं, मी वाचत नव्हतो. दिसलं."

काका विमा एजंट निघाले. उभी हयात लोकांच्या उत्तराची वाट बघण्यात गेलेली. मला खरं तर त्यांना झापायचं होतं, पण तेवढ्यात गाडी घाट चढायला लागली, पहिला बोगदा आला, रेंज गेली आणि झापण्याचा विषयही गेला. (बोगद्यात मला बरं वाटतं. तिथे जगातल्या कुणाचाच मेसेज येत नसतो.)

काकांनी वडापाव संपवला, बोटं कागदाला पुसली आणि बॅगेतून डायरी काढली. डायरीत नावं, काही निळ्या शाईत, काही लाल.

"हे लाल म्हणजे तुमचा तो," काका म्हणाले. "याला पॉलिसी नको होती का? नको असती तर पहिल्या दिवशीच दारातून कटवलं असतं. याने चहा पाजला, फॉर्म भरला, मेडिकल केली. नॉमिनीत बायकोचं नाव लिहिलं. आणि सही करायची त्या दिवशी म्हणतो, काका, विचार करून सांगतो. नॉमिनीचं नाव लिहिलं ना, की घाबरतो माणूस. मी मरणार, ही माझ्या जिवावर आहे, सगळं एकदम कळतं त्याला. मग फोनच उचलत नाही. पण माझ्या नातवाचा फोटो स्टेटसला टाकला की पहिला बघणार हाच!"

माझ्या अंगावर काटा आला. मी हा धडा वर्गात तासभर शिकवते आणि पोरं जांभया देतात.

"आणि निळे?"

"निळे दोन प्रकारचे. एक चेक देतो आणि घरी जातो, त्याच्याबद्दल सांगण्यासारखं काही नसतं. दुसरा पहिला हप्ता भरल्यापासून रोज फोन करतो. काका, बाँड आला का? अहो, बाँड पोस्टाने येतो! काका, माझं काही चुकलं का फॉर्ममध्ये?" त्यांनी मान तिरकी करून माझ्याकडे पाहिलं. "चांगली माणसं असतात हं. हप्ता कधी चुकवत नाहीत. पण जीव खातात."

बोगदा संपला, दरी दिसली, रेंजची एक काडी आली आणि मी इंजिनिअरसाहेबांना सणसणीत उत्तर लिहायला घेतलं. काका वाचत होते, आता उघडपणे. मी एन्सवर्थ लिहिलं, काकांनी मान हलवली. मी तीन परिच्छेद लिहिले, काका म्हणाले, "पोरी, एवढं प्रॉस्पेक्टस कुणी वाचत नाही. एक प्रश्न टाक, एक वार टाक. हो म्हणाला तर हो, नाही म्हणाला तर नाही, आणि वार टळून गेला तरी तेही उत्तरच. मी तर वार गेला की लाल शाई करतो."

सगळं पुसून मी लिहिलं, 'मंगळवारी रात्री फोन करू का?' पाठवलं आणि पुढचा बोगदा आला. एकच टिक. माझं सगळं शिक्षण त्या एका टिकेकडे टक लावून बसलं.

लोणावळ्याला रेंज आली. दुसरी टिक लागली, निळी झाली, 'टायपिंग' दिसलं, थांबलं, पुन्हा दिसलं, आणि उत्तर आलं, 'बघतो :) तू क्विझ भरलीस का?'

इथे मात्र मला हसू येत नाही. पूर्वी माणूस गायब झाला तर निदान त्याला गायब झालेला म्हणता यायचं. आता तो गायब होतो आणि परत येताना माझ्यासाठी रोगाचं नाव घेऊन येतो. त्या प्रश्नावलीचं मूळही मला ठाऊक आहे. प्रेमात पडलेल्या मोठ्या माणसांना पोरांचे हे प्रकार पहिल्यांदा लावले ते 1987 साली, डेन्व्हरच्या एका वर्तमानपत्रात प्रश्न छापून, आणि उत्तरं पाठवणाऱ्यांतले निम्म्याहून जास्त जण आपण बरे आहोत असंच सांगत होते. 1998 मध्ये 36 वाक्यांची प्रश्नावली झाली, तीत माणसाला एका प्रकारात कोंबणारी खोकी नाहीतच. दोन पट्ट्या आहेत, एक काळजीची, एक अंतर राखण्याची, आणि प्रत्येक माणूस दोन्हींवर कुठेतरी असतो. शिवाय एखाद्याशी खरी अटॅचमेंट जुळायला साधारण दोन वर्षं लागतात असं या विषयातले संशोधक मानतात. काही आठवड्यांच्या मेसेजांत दिसतात त्या घरून आणलेल्या जुन्या सवयी. त्यातही, ज्याचं उत्तर कधी पाच मिनिटांत आणि कधी दीड दिवसाने येतं त्याच्यापुढे कुणाचाही जीव वर-खाली होतो. माझ्या आईचासुद्धा होतो, आणि तिला तर प्लंबरकडून नुसती वेळ हवी असते. ज्याने दिवा चालू-बंद करायचा त्यानेच समोरच्याला 'तुझे डोळे फार मिचकतात' म्हणायचं, हा कुठला न्याय?

आणि लास्ट सीन बंद करून ठेवणाऱ्यांनी दुसऱ्याच्या काळजीवर बोलूच नये. ती सोय बंद केली की दुसऱ्याचं लास्ट सीनही आपल्याला दिसत नाही, एवढा तरी समान न्याय त्या अ‍ॅपमध्ये आहे.

मंगळवार गेला. आईला मी लाल शाई असं सांगितलं, तिला ते पत्रिकेतलं काहीतरी वाटलं आणि तिने ताबडतोब मानलं.

काका शिवाजीनगरला उतरले, उतरताना माझा नंबर आणि जन्मतारीख दोन्ही घेऊन. तेव्हापासून रोज सकाळी सहाला गुलाबाचं फूल येतं, खाली सुप्रभात. सोमवारी टर्म प्लॅनचं पत्रक आलं. बुधवारी 'पाहिलंत का ताई?' माणूस भला आहे, त्या दिवशी माझ्यासाठी सगळा घाट खर्ची घातला त्याने. मी ते वाचते, नोटिफिकेशनमधूनच, टिक निळी होऊ न देता. काल त्यांच्या नातवाचा फोटो स्टेटसला होता, तो मी बघितला. मग त्यांना लिहिलं, 'काका, विचार करून सांगते.'