पहाटे साडेचारचा ट्रिगर सव्वाआठला उडाला, तर तक्रार अशी लिहा

क्लाउड कंपनीकडे तक्रार लिहायची असेल, तर ती पहिला चहा व्हायच्या आत लिहावी. डोकं तापलेलं असताना भाषा छान वाहते. ‘आमचा ट्रिगर आज पहाटे खूप उशिरा चालला, त्यामुळे प्रचंड नुकसान झालं,’ एवढं लिहिलं की झालं. ‘आज’ म्हणजे कुठल्या देशातलं आज, ‘पहाटे’ म्हणजे कुणाची पहाट आणि ‘खूप’ म्हणजे किती मिनिटं, हे शोधायला तिकडे पगारी माणसं बसली आहेत. मी असंच लिहिलं होतं, म्हणून अनुभवाने सांगतोय.

आमचं प्रकरण साधं. एका दूध वितरकासाठी रोज पहाटे साडेचारला एक फंक्शन चालतं. रात्रीत आलेल्या ऑर्डरी गोळा करून कुठल्या दुकानाला किती क्रेट द्यायचे याची यादी बनवतं आणि गाडीवाल्यांच्या फोनवर पाठवतं. पाच वाजता गाड्या निघतात. १२ जूनला पाच वाजले, सव्वापाच झाले, तरी यादीचा पत्ता नाही. गाडीवाले कालच्याच यादीवर माल घेऊन निघून गेले. आजची यादी आली आठ वाजून सतरा मिनिटांनी. ती रिकामी होती, पण त्याकडे नंतर येऊ.

तक्रारीत तारीख मात्र ठळक लिहा: १२ जून, पहाटे साडेचार. शेड्यूल आपणच यूटीसीत लिहिलं आहे, हे विसरायला हरकत नाही. आमचं क्रॉन असं होतं:

```
0 23 * * *
```

भारतीय वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे आपल्या १२ तारखेचे पहाटेचे साडेचार हे त्यांच्या ११ तारखेचे रात्रीचे अकरा. त्यांनी १२ तारखेचे साडेचार उघडून पाहिले आणि दोन दिवसांनी नम्रपणे कळवलं, की या वेळेला आपलं कुठलंही शेड्यूल आढळत नाही, कृपया टाइमझोन तपासावा. तोपर्यंत माझा राग पुन्हा ताजा झाला होता, हा फायदा धरायला हवा.

(टाइमझोनचा संशय अगदीच वेडगळ नसतो, हे हळूच सांगून ठेवतो. उशीर बरोब्बर साडेपाच तासांचा भरला, तर तक्रार पाठवू नका. आरशासमोर जाऊन वाचा.)

पुरावा म्हणून स्क्रीनशॉट जोडा, तोही मोबाइलने काढलेला. त्यात कन्सोल आपल्या ब्राउझरची स्थानिक वेळ दाखवतो आणि कोपऱ्यातला झोन बोटाखाली जातो. मजकूर कॉपी करून दिलात, तर पलीकडच्या माणसाला त्यात शोधता येईल. विनंतीचा आयडी दिलात, तर तो थेट तुमच्या फंक्शनच्या त्याच फेरीपाशी पोचेल आणि पत्रव्यवहार अकाली संपेल. मला हे तिसऱ्या ईमेलला कळलं. तेव्हा कुठे चार ओळी पाठवल्या, आयडीसकट:

```
scheduled  2025-06-11T23:00:00Z
received   2025-06-12T02:46:51Z
started    2025-06-12T02:46:53Z
finished   2025-06-12T02:47:20Z  attempt=1 OK
```

या चार ओळींत सगळं भांडण आहे. पहिल्या दोन ओळींमध्ये ३ तास ४६ मिनिटं ५१ सेकंद गेली. दुसरी ते तिसरी दोन सेकंद, तिसरी ते चौथी सत्तावीस. म्हणजे आमचं फंक्शन उठायला आळशी नव्हतं. त्याला कुणी उठवलंच नव्हतं. तरी उत्तर आलं की हा कोल्ड स्टार्ट असावा. झोपलेलं फंक्शन जागं व्हायला काही सेकंद लागतात हे खरं, पण पावणेचार तासांना कोल्ड स्टार्ट म्हणत नाहीत. मग त्यांनी विचारलं, आधीचा प्रयत्न फसून हा पुन्हा केलेला नाही ना? त्याचं उत्तर `attempt=1` मध्ये होतं. एकाच वेळी फार फेऱ्या चालल्या म्हणून तुमच्याच मर्यादेत अडकलं असेल? हा प्रश्न रास्त होता, कारण ती चूक ग्राहकाची असते. त्या रात्रीचा थ्रॉटलचा आलेख शून्यावर सपाट होता, तो पाठवला.

शेवटी आलेली शंका मात्र मला आवडली. लॉगची ओळ उशिरा पोचली असेल, काम वेळेवर झालं असेल! असं खरंच होतं: ओळ लिहिल्याची वेळ आणि ती साठ्यात पोचल्याची वेळ वेगळी असते, आणि कन्सोल कधीकधी दुसरी दाखवतो. इथे त्यांच्या लॉगबाहेरचा साक्षीदार लागतो. आमच्याकडे सात होते. सातही गाडीवाल्यांच्या फोनवर मेसेज ८:१७ ला उतरला होता, आणि आपल्या डेटाबेसमधल्या नोंदीची वेळही तीच सांगत होती. आधीच्या दहा दिवसांत `scheduled` आणि `received` यांत आठ सेकंदांपेक्षा जास्त अंतर कधी पडलं नव्हतं, तेही जोडलं.

आता रिकाम्या यादीकडे. तक्रारीत याचा उल्लेख चुकूनही करू नका. आमचा कोड ‘आत्ताची यूटीसी तारीख अधिक एक’ करून यादीचा दिवस ठरवायचा. रात्री अकराला तो ११ अधिक एक म्हणजे १२ काढायचा, सगळं ठीक. पण २:४६ ला यूटीसीतही १२ तारीख उजाडली होती. मग फंक्शनने इमानेइतबारे १३ तारखेची यादी काढली. तिच्यात एकही ऑर्डर नव्हती, कारण त्या दुकानदारांनी अजून फोनच केले नव्हते. ट्रिगरबरोबर ठरलेली वेळ येते, ती वाचून दिवस काढला असता, तर यादी उशिरा पण बरोबर आली असती. हे मी रात्रीत दुरुस्त केलं आणि ईमेलमध्ये ‘आमचा डेटा विस्कळीत झाला’ असं भारदस्त वाक्य घातलं.

अकराव्या दिवशी खरं उत्तर आलं. त्या प्रदेशात शेड्यूलरच्या आतल्या रांगेत इव्हेंट अडकले होते. दिलगिरी आहे. मात्र करारातली हमी सेवा उपलब्ध असण्याची आहे, वेळेवर उडण्याची नाही. इव्हेंट पोचला, फंक्शन यशस्वी झालं, सबब भरपाई लागू नाही. करार पुन्हा वाचला. खरंच तसंच लिहिलं होतं, मीच डोळे झाकून ‘मान्य’ दाबलं होतं. जाता जाता सुचवलं होतं, की शेड्यूल तासाच्या ठोक्यावर ठेवू नये, कारण तेव्हा जगभरचे ट्रिगर एकदम उडतात. आम्ही तर मुद्दाम साडेचार धरले होते, गर्दी टाळायला! आपला अर्धा तास हा त्यांचा पूर्ण ठोका असतो, हे साडेपाचच्या गणितात लक्षातच आलं नव्हतं. आता ते असं आहे:

```
53 22 * * *
```

म्हणजे पहाटे ४:२३. शिवाय डेअरीच्या रात्रपाळीच्या मामांना सांगून ठेवलंय, की ४:३५ पर्यंत फोनवर यादी दिसली नाही तर मला उठवायचं. परवा त्यांचा फोन आला. मी धडपडत लॅपटॉप उघडला, चार ओळी तपासल्या, सगळं वेळेवर होतं. “यादी आली हो,” मामा म्हणाले, “मी म्हटलं तुम्ही जागे आहात का बघावं.”