क्वांटचे १५४ आणि एसओपीतला पुरावा

मीनलचा भाचा पुण्यात मेकॅनिकल इंजिनीयर झाला असून अमेरिकेत ऑपरेशन्स रिसर्चच्या एम.एस.साठी अर्ज करतो आहे. जीआरई या प्रवेश परीक्षेच्या क्वांट, म्हणजे गणिताच्या विभागात त्याला १७० पैकी १५४ गुण मिळाले, जे या शाखेसाठी कमीच आहेत. ही कसर एसओपीतून, म्हणजे अर्जासोबत स्वतःबद्दल लिहायच्या निबंधातून भरून काढता येईल का, यावरून परवा कट्ट्यावर चांगलाच वाद झाला.

आशुतोषचा विरोध सरळ होता. त्याचे म्हणणे असे की, एसओपी पैसे मोजून कन्सल्टंटकडून लिहून घेता येतो, परीक्षेचा पेपर मात्र स्वतःलाच सोडवावा लागतो. त्यामुळे गुणांची जागा निबंधाला दिली, तर ज्याच्याकडे पैसा आणि चांगले इंग्रजी आहे त्याचेच फावते. हा आक्षेप मला आजही खरा वाटतो.

सुहास काही वर्षे तिकडच्या एका विद्यापीठात प्रवेश समितीवर होता. तो म्हणाला, "अरे, क्वांटमध्ये अंकगणित, बीजगणित, भूमिती आणि आकडेवारीचे वाचन एवढेच असते, कॅल्क्युलस तर नसतेच. समितीला खरे तर हे हवे असते की, पहिल्याच सत्रातले प्रॉबॅबिलिटी आणि लिनिअर अल्जिब्रा या मुलाला झेपेल का. गुण हा त्याचा एक अंदाज आहे. त्याच प्रश्नाचे अधिक थेट उत्तर अर्जात दुसरीकडे असेल, तर एसओपीने समितीचे बोट धरून तिला तिथे न्यावे."

मग मीनलने फोनवरचा मसुदा वाचून दाखवला. सुरुवातीलाच परीक्षेच्या दिवशी आलेला ताप होता, पुढे मेहनत आणि जिद्द होती. सुहासने हे सारे काढायला सांगितले, कारण तापाने गुण का घटले हे कळते, गणित येते की नाही हे कळत नाही. अर्जात 'अधिक माहिती' अशी वेगळी चौकट असेल, तर तापाचे एक वाक्य तिथे पुरे.

खरा ऐवज तिसऱ्या परिच्छेदात एका ओळीत दडपला होता. बेअरिंगच्या कंपनांवरून बिघाड ओळखण्याचा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प त्याने केला होता, आणि तिथे "९७ टक्के अचूकता मिळवली" एवढेच लिहिले होते. मीनलने त्याला तिथूनच फोन लावला, तेव्हा पुढची हकिगत कळली. एकाच बेअरिंगच्या सलग नोंदीचे बारीक तुकडे करून त्यांतले काही संगणकाच्या मॉडेलला शिकवण्यासाठी आणि काही ते तपासण्यासाठी वापरले गेले होते, त्यामुळे मॉडेल बिघाडाऐवजी ते विशिष्ट बेअरिंगच ओळखत होते. संशय आल्यावर त्याने तपासणीसाठी पूर्णपणे वेगळी बेअरिंग राखून ठेवली आणि अचूकता ८१ टक्क्यांवर आली. सुहासचा आवाजच चढला: "अगं, हेच लिहायला सांग त्याला! ९७ तर कुणीही लिहितो. आकडा का फुगला हे ज्याला शोधता आले, त्याला सांख्यिकी कळते, हे समितीला वेगळे सांगावे लागत नाही."

आशुतोष तरीही हटला नाही. ही गोष्टसुद्धा रचता येईल, असे तो म्हणाला. सुहासने ते मान्य केले, आणि म्हणूनच एसओपीतला प्रत्येक दावा अर्जातल्या दुसऱ्या कागदावर टेकलेला हवा, असे सांगितले. प्रकल्पाच्या मार्गदर्शक बाईंनी शिफारसपत्रात याच चुकीचा आणि तिच्या दुरुस्तीचा उल्लेख केला, गुणपत्रिकेत गणिताच्या शेवटच्या दोन पेपरांची श्रेणी चढती दिसली आणि कोड पाहता आला, की त्या परिच्छेदाला वजन येते. माझे मतही इथेच येऊन ठरले: ज्याला दुसरा साक्षीदार नाही असे वाक्य एसओपीत कितीही सुंदर असले, तरी ते गुणांची जागा घेऊ शकत नाही. ज्याच्या कॉलेजात धड प्रकल्पच होत नाहीत, त्याने काय करायचे, असे मीनलने विचारले, आणि त्यावर सुहासकडेही समाधानकारक उत्तर नव्हते.

शेवटी प्रत्येक विद्यापीठाचा नियम पाहावा लागला. जिथे जीआरई स्वीकारतच नाहीत, तिथे गुणांचा विषय काढायचाच नाही. जिथे ते ऐच्छिक आहेत, तिथे १५४ पाठवायचे नाहीत आणि न पाठवल्याबद्दल सफाईही द्यायची नाही. ती जागा बेअरिंगला द्यायची. त्याच्या यादीतल्या एका ठिकाणी मात्र गुण सक्तीचे आहेत आणि किमान आकडाही दिलेला आहे, जो १५४ च्या वर आहे. तिथे एसओपी वाचण्याआधीच अर्ज बाजूला पडू शकतो. जीआरई २१ दिवसांच्या अंतराने पुन्हा देता येते आणि कोणत्या वेळचे गुण पाठवायचे हे उमेदवारच ठरवतो, म्हणून त्या एका अर्जासाठी त्याने परीक्षेची नवी तारीख घ्यावी, यावर आशुतोष आणि सुहास दोघांचेही एकमत झाले.