पुण्यात पाणी मागण्यापूर्वी

गावाकडून मुलाखतीसाठी पुण्याला निघालेल्या तरुणांनी पदवीचं प्रमाणपत्र, आधार कार्ड आणि चार फोटो बॅगेत टाकले की तयारी झाली, असा एक गैरसमज आहे. कागद कुणीही तपासतं. तुमचा शर्ट, तुमचे हात आणि तुमचा ‘ण’ मात्र तुम्ही खुर्चीत बसायच्या आत तपासून झालेला असतो. तेव्हा तयारी तिथूनच करा.

शर्टापासून सुरुवात करू. चुलत्याच्या लग्नात आहेरात आलेला पँटपीस-शर्टपीस तालुक्याच्या टेलरकडून शिवून घेतला असेल, तर तो घरीच ठेवा. कापड चांगलं आहे, शिलाई पक्की आहे आणि अंगाला बरोबर बसतो, हे सगळं खरं. पण वाढत्या अंगाचा विचार करून टेलरने आतल्या बाजूने दीड-दोन इंच कापड सोडलंय, कंबरेला प्लेट घातल्यात आणि कापडाला किंचित चमक आहे. या तीन गोष्टींवरून तुमचा तालुका ओळखता येतो. हिंजवडीतही मापाचे कपडे शिवून घेणारे लोक आहेत, पण ते त्याला बीस्पोक म्हणतात आणि तुमच्या टेलरच्या दहापट शिलाई मोजतात. तुम्ही तयार शर्ट घ्या आणि मुलाखतीच्या आदल्या दिवशी घेऊ नका. पंधरा दिवस आधी घ्या आणि दोनदा धुवा. पाकिटातून काढलेल्या शर्टावर पुठ्ठ्याच्या आणि टाचण्यांच्या घड्या छातीवर उभ्या-आडव्या उठतात. त्या साध्या इस्त्रीने जात नाहीत, पाणी शिंपडून दाबाव्या लागतात. त्या दिसल्या की समोरच्याला कळतं, हा शर्ट आजच्यासाठी घेतलाय. आजच्यासाठी शर्ट घ्यावा लागणारा माणूस त्यांना नको असतो. सुरकुत्यांचा नियम मात्र कापडाप्रमाणे बदलतो. लिननचा शर्ट चुरगळलेला असला तर माणूस निवांत वाटतो, सुती चुरगळलेला असला तर एसटीतून आलेला वाटतो.

आणि तुम्ही एसटीतूनच आलेले असता. रात्रीची गाडी पहाटे वाकडेवाडीच्या स्टँडवर सोडते, त्यामुळे शर्ट बॅगेत घडी न घालता, गुंडाळी करून आणा. मुलाखतीचे कपडे अंगावर घालून रात्रभर बसू नका, चुलीचा धूर आणि गाडीचं डिझेल कापडात एकदा बसलं की दिवसभर निघत नाही. केसांना खोबरेल लावायची सवय असेल तर आदल्या रात्रीपासून बंद. तेल एका शाम्पूत जात नाही, दोनदा धुवावं लागतं. नोकरी लागल्यावर तेच तेल सलूनमध्ये गरम करून डोक्याला चोळून मिळेल, तेव्हा पैसे द्या आणि गप्प बसा.

हातांचं काय करायचं, याला मात्र सोपा उपाय नाही. दिवाळीच्या सुट्टीत कापूस वेचला असेल तर वाळलेल्या बोंडाची टोकं नखांच्या कडेला रुततात आणि तिथली कातडी फाटून काळी पडते. साबणाने ती जात नाही, महिना लागतो. मनगटापर्यंत काळवंडलेला आणि वर गोरा, असा हातही लपवणं अवघड, म्हणून बाह्या दुमडू नका. कुणी विचारलंच तर गोव्याला गेलो होतो म्हणून सांगा. बीचवर रापलेला रंग चालतो, वावरात रापलेला चालत नाही. ऊन दोन्हीकडे एकच असतं, पण समोरच्याला उन्हाशी देणंघेणं नसतं.

इथवरचं सगळं पैशाने आणि वेळेने जमतं. खरी परीक्षा तोंड उघडल्यावर.

समजा, जालना जिल्ह्यातला एक मुलगा आहे. शेतीपंपाला वीज आठवड्याच्या पाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री, म्हणून त्याने शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट केला. मातीतला ओलावा मोजणारा सेन्सर, एक रिले आणि मोटारीचा स्टार्टर यांची जोडणी. वीज आल्याचं यंत्राला कळतं, जमीन कोरडी असेल तरच मोटार चालू होते आणि पुरेसं भिजलं की बंद. बापाची रात्रीची फेरी वाचली. मुलाखतीत त्याने हे इंग्रजीत अडखळत, पण बरोबर सांगितलं. मग समोरची व्यक्ती प्रेमाने म्हणते, “रिलॅक्स, मराठीत बोललास तरी चालेल.” सावध व्हा. सापळा तो हाच. मुलगा मोकळा होतो आणि म्हणतो, “आमच्याकडं पानी कमी ना सर, म्हनून मी हे करायलो होतो.” सेन्सर, रिले आणि स्टार्टर तिथेच संपले. कागदावर ‘कम्युनिकेशन’च्या रकान्यात ‘अ‍ॅव्हरेज’ पडलं. बोललेलं अक्षर न् अक्षर समोरच्याला कळलेलं असतं, हा तपशील त्या रकान्यात बसत नाही.

म्हणून ‘ण’ शिका. जिभेचं टोक वर वळवून, मागे टाळूला टेकवून सोडायचं. ‘न’ला ते टोक दातांमागे राहतं. ‘ट’ म्हणताना जीभ जिथे जाते तिथेच ‘ण’ला न्यायची आणि आवाज नाकातून काढायचा. पाणी, कोणी, लोणी असं दहा-दहा वेळा म्हटलं तर आठवड्यात जमतं. अवघड तो उच्चार नसतोच. अवघड असतं तो कुठे करायचा हे. लहानपणापासून कानावर एकच ‘न’ पडलेला असला, तर कुठल्या शब्दात ‘ण’ आणि कुठल्यात ‘न’ याची यादी डोक्यात नसते. आपला ‘न’ बदनाम आहे एवढंच कळलेलं असतं. मग माणूस दिसेल त्या ‘न’ला ‘ण’ करत सुटतो. ‘दुकाण’, ‘विमाण’, ‘मान्यवरांचं अभिणंदन’. ‘स’ आणि ‘श’चंही तसंच, ‘सिक्षण’ टाळता टाळता ‘शमाज’ होतो. आणि लक्षात ठेवा, ‘पानी’ म्हणणारा नुसता गावंढळ ठरतो, ‘दुकाण’ म्हणणारा गावंढळ असून लपवणारा ठरतो. दुसऱ्याला जास्त हसतात.

यादी पाठ होईपर्यंत ‘ण’ टाळून बोलता येतं. ‘आणि’च्या जागी ‘व’ किंवा ‘अँड’. ‘म्हणून’च्या जागी ‘त्यामुळे’. पाण्याला ‘वॉटर’. इंग्रजीत ‘ण’ नाहीच, त्यामुळे तिकडे पळून जाणं सगळ्यात सुरक्षित. आणखी सुरक्षित जागा हिंदी. उपाहारगृहात बसून “भैया, पानी देना” म्हणा. शब्द तोच, ‘न’ही तोच, पण शेजारच्या टेबलावरचा पुणेकरही तसंच म्हणत असतो, त्यामुळे कुणी वळून बघत नाही. त्याच वेटरला मराठीत ‘पानी’ मागितलं, तर मात्र तुमचं घराणं निघतं.

‘करायलो’ही सोडा. विचाराल, सोडून काय म्हणू? ‘करतोय’. आता पाठ्यपुस्तकात ‘करत आहे’ असतं, मग ‘करतोय’ तरी कुठलं प्रमाण, असा प्रश्न विचारू नका. पुण्यात ‘आहे’ चावून ‘करतोय’, ‘आलीये’, ‘बघत्ये’ म्हटलं तर ते बोलणं असतं, मराठवाड्यात ‘करायलो’ म्हटलं तर ती बोली असते. १८३१ साली मोल्सवर्थचा कोश आला, १८३६ साली दादोबा पांडुरंगांचं व्याकरण छापलं गेलं, आणि त्या काळात पुण्याच्या शिकल्यासवरल्या, मुख्यतः ब्राह्मण घरांतली मराठी प्रमाण ठरत गेली. तुमचे पूर्वज तेव्हा जालन्यात नांगर धरून होते, बैठकीला आले नाहीत. आता तक्रार करून उपयोग नाही.

कोल्हापूरकडच्या मुलींना वेगळा सल्ला. तुमच्याकडे बायकाही “मी येतो”, “मी जेवलो” म्हणतात. हॉस्टेलवर पहिल्याच रात्री हे ऐकून मुली हसतील, मग तुमच्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतील आणि “किती क्यूट!” म्हणतील. क्यूट म्हणजे मैत्री असं समजू नका. ज्या दिवशी वर्गात प्रेझेंटेशन कुणी करायचं हे ठरेल, त्या दिवशी तुमच्याकडे फक्त स्लाइड बनवायचं काम येईल.

घराच्या शोधात भाषेआधी आडनाव विचारतात. ‘गाव कुठलं’ हा त्याच प्रश्नाचा सभ्य भाऊ. नुसतं नाव सांगितलंत तर “पूर्ण नाव?” येतंच. इथे उच्चार सुधारून काही होत नाही, त्यामुळे त्यावर वेळ घालवू नका. कॉट बेसिसवर जिथे मिळेल तिथे राहा.

नोकरी लागल्यावर धोका असतो तो घरच्या फोनचा. आठवडाभर घासून लावलेला ‘ण’ आईच्या “जेवलास का रं?” या पहिल्या वाक्याला गळून पडतो. यात तुमचा दोष नाही. समोरच्याप्रमाणे बोलणं बदलतं, ते ठरवून होत नाही. शेजारच्या डेस्कवरचा तेवढ्यात मान वर करतो, म्हणून फोन जिन्यात घ्या. जिन्यात गेलात की तिथे तुमच्या आधी दोघेजण भिंतीकडे तोंड करून उभे दिसतील. एक “काहून?” विचारत असेल, दुसरा “डोया दुखतोय तं डॉक्टरकडं जाय” सांगत असेल. ओळख दाखवू नका, त्यांनाही संकोच होईल. गावी गेल्यावर मात्र हे सगळं उलट फिरवायचं. स्टँडवर उतरून “पाणी मिळेल का?” म्हणालात तर चहावाला “साहेब झाला की!” म्हणतो. हसणारे तिथेही आहेत, फक्त ‘ण’ची बाजू बदलते.

परदेशी ग्राहकांशी बोलायचं काम मिळालं, तर कंपनीच खर्च करून तुमचे उच्चार सुधारते. त्या वर्गात एमटीआय हा शब्द रोज ऐकाल. मदर टंग इन्फ्लुअन्स, म्हणजे मातृभाषेचा डाग. आपला ‘व’ इंग्रजीतल्या दोन ‘व’च्या मधोमध पडतो, त्यामुळे ‘व्हेरी’ आणि ‘वेरी’ आपल्या तोंडून सारखेच निघतात. एकाला वरचे दात खालच्या ओठावर टेकवून हवा सोडायची, दुसऱ्याला दात दूर ठेवून ओठ शिट्टी मारल्यासारखे गोल करायचे. ‘टेबल’चा ‘ट’ही त्यांना आपल्यासारखा मागे वळलेला चालत नाही, जीभ दातांच्या मुळाशीच ठेवायची. शेजारच्या खुर्चीवर बहुधा तोच बसलेला असेल, ज्याला तुमचं ‘पानी’ ऐकून हसू आवरलं नव्हतं. तीन पिढ्या सदाशिव पेठेत, आणि ट्रेनर त्याच्याकडून ‘वॉटर’ सातव्यांदा म्हणवून घेत असेल. त्याला हसू नका. हसायचा परवाना अजून तुमच्या नावावर झालेला नाही.