कोटेशन दिल्यावर पार्टी गप्प झाली? मग हे कराच

कोटेशन पाठवलंय आणि तिकडून ना हो, ना नाही? घाबरू नका. मी खरेदी विभागात बसतो, आणि सध्या एक कॉम्प्रेसरवाला हे सगळे उपाय माझ्यावरच करून बघतोय, त्यामुळे खात्रीचे आहेत.

रोज सकाळी "सर, काही अपडेट?" एवढाच मेसेज टाका. सोबत गुलाबाचं फूल.

आपलं कोटेशन स्वतः परत उघडून वाचायचं मात्र नाही. मशीन, पाइपिंग, बसवणावळ, वर्षाचा मेंटेनन्स, सगळं एकाच रकमेत कोंबलेलं राहू द्या. टॅक्स धरून की वेगळा, ते ओळखणं आमचं काम.

तरी हलत नाहीत? मग कुणी न मागता 10 टक्के कमी करून नवीन कोटेशन धाडा. इकडे काय होतं ते ऐका. तुमचा जुना भाव तुलना तक्त्यात घालून मी फाइल सहीला पाठवलेली असते, ती अकाउंट्सला पोचलेली असते, आता भाव बदलला म्हणजे फाइल परत, तक्ता परत, कोटेशन दिलेल्या बाकीच्या दोघांकडूनही सुधारित भाव मागवा कारण उद्या ऑडिटवाला विचारणार की एकालाच संधी का दिली, आणि वर साहेब म्हणतात, न मागता एवढे सुटले म्हणजे आधी किती लावले होते, थांबा, अजून उतरेल! झालं. होत आलेली ऑर्डर तुम्हीच मागे ढकललीत, शाब्बास.

मग मला डावलून थेट साहेबांना फोन. ते खूशच होतात.

"उद्यापासून रेट वाढणार" हेही सांगाच, कोटेशनवर 30 दिवसांची मुदत तुम्हीच छापली असली तरी.

अरे बाबा, गप्प बसलो म्हणजे नको म्हणालो असं नसतं रे! मशीन भांडवली खर्चात जातं, मेंटेनन्स चालू खर्चात, दोन्हीचं बजेट वेगळं, मंजुरी देणारा माणूस वेगळा. म्हणून अकाउंट्सनं रकमेची फोड मागितली, मी तुला तसं कळवलंही, तर तू तीच पीडीएफ परत पाठवलीस! दुसऱ्या कॉम्प्रेसरवाल्यानं एकच फोन केला, "सही कुणाची बाकी आहे, त्यांना कुठला कागद लागेल?" आणि त्याच संध्याकाळी फोड करून दिली. वर म्हणाला, खरेदी पुढच्या तिमाहीत जाणार असेल तर तसं सांगा, मी तेव्हाच फोन करतो. हे विचारायला काय पैसे पडतात? आणि भाव कमी करायचाच होता तर आधी मला विचारायचंस, बदल्यात काहीतरी मागायचंस, ॲडव्हान्स जास्त द्या, मेंटेनन्स वगळा, म्हणजे कमी का झाला ते मला फाइलवर लिहिता तरी आलं असतं. आता तुझी दोन कोटेशनं घेऊन मी ऑडिटला उत्तरं देत बसलोय आणि तू मलाच विचारतोस, सर, डील नेमकी अडली कुठे?