कागदांचा क्रम फोटो काढतानाच लावा, नंतर नाही

पुतण्याचा जातपडताळणीचा अर्ज भरत होतो, सांगलीत बसून. एकूण १४ पानं आणि फाईल एकच पाहिजे, पीडीएफ, २ एमबीच्या आत. पोराने व्हॉट्सॲपवर फोटो धडाधड पाठवले होते, आणि एका नेट कॅफेवाल्याने ते जसे आले तसे जोडून दिले. पहिल्या पानावर आजोबांचा शाळेचा उतारा, मग पुतण्याचा दाखला, मग मधेच वंशावळीच्या शपथपत्राचं दुसरं पान, पहिलं पार शेवटी! तपासणाऱ्याने नातं जुळवायचं कसं सांगा?

माझं मत ठाम आहे, क्रम हा ॲपात लावायची गोष्टच नाही, टेबलावर लावायची आहे. आधी कागद एकाखाली एक ठेवायचे: अर्जदार, मग वडील, मग आजोबा, आणि शपथपत्राची पानं सलग. मग त्याच क्रमाने फोटो. बहुतेक अँड्रॉइड फोनचा कॅमेरा नावातच तारीख आणि वेळ टाकतो, त्यामुळे नावाने लावलं की क्रम आपोआप बरोबर येतो. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की ते नाव जातं, IMG-20250612-WA0007 असलं काहीतरी येतं, वर फोटो दाबला जाऊन बारीक अक्षर फिसकटतं ते वेगळंच. पाठवायचंच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. गॅलरीत निवडतानाही बघा, तिथं बहुतेक वेळा नवा फोटो वर असतो, वरनं टिक करत गेलात की पीडीएफ उलटी होते.

आणि नावं स्वतः देणार असाल तर 1, 2, 3 नको, 01, 02, 03 द्या. कॉम्प्युटरच्या फोल्डरात 1 नंतर 2 दिसतं म्हणून आपण निर्धास्त, पण पीडीएफ बनवणारी बरीच सॉफ्टवेअरं नाव अक्षरासारखं वाचतात, मग 1 नंतर 10, 11, 12, 13, 14 आणि त्यानंतर कुठं 2. दहाच्या आत पानं असली तर हे कळतही नाही.

पानं आडवी येतात त्याचं कारण म्हणजे फोन टेबलावर पालथा धरला की त्याला वर-खाली समजत नाही. जोडायच्या आधीच फिरवून सेव्ह करा.

आता साईज. १४ पानं, २ एमबी, म्हणजे पानाला साधारण १४० केबी. कॅमेऱ्याचा एक फोटोच ३-४ एमबीचा. आम्ही आधी कडेचं टेबल कापलं, रंग काढून करडं केलं, लांब बाजू १७०० पिक्सेलच्या आसपास आणली आणि मग जोडलं. नुसती तयार पीडीएफ दाबत बसलं की शिक्का आणि नोंद क्रमांकच पहिले जातात. म्हणून अपलोडच्या आधी शेवटची फाईल फोनवर उघडा, जुन्या उताऱ्यावर झूम करा, नोंद क्रमांक वाचता आला पाहिजे.

गूगल ड्राइव्हच्या स्कॅनने हे बरंच सोपं होतं, कडा तोच कापतो. पण जुना पिवळा कागद असला तर काळं-पांढरं फिल्टर लावू नका, फिकट शाई गायब होते.

मूळ फोटो 01 ते 14 वेगळ्या फोल्डरात ठेवलेत. एखादं पान अस्पष्ट म्हणून परत मागितलं तर तेवढंच नव्याने काढायचं, 07 च्या जागी 07 ठेवायचं, आणि परत जोडायचं.