बुरशीचे बाळंतपण

लोणच्याच्या बरणीत नखाएवढी पांढरी बुरशी दिसली, तरी अख्खी बरणी रिकामी होते, अशा घरात मी वाढलो. त्यामुळे गेल्या डिसेंबरात मी पैसे मोजून बुरशी मागवली आणि ती टपालाने पुण्यात आमच्या दारी आली, तेव्हा आईने ती पुडी दोन बोटांच्या चिमटीत धरून देवघरापासून शक्य तितकी लांब नेऊन ठेवली.

मला टेंपे करायचे होते. जावा बेटावर शिजवलेल्या सोयाबीनमध्ये रायझोपस ऑलिगोस्पोरस नावाची बुरशी वाढवतात. तिचे पांढरे तंतू दाण्यादाण्यांत शिरून सगळ्यांना एकमेकांशी बांधून टाकतात आणि दीड-दोन दिवसांत सुरीने कापता येईल अशी घट्ट वडी तयार होते. तिकडे जास्वंदीच्या कुळातल्या एका झाडाच्या लव असलेल्या पानांवर हे विरजण जोपासण्याची आणि दाणे केळीच्या पानांत गुंडाळून ठेवण्याची जुनी रीत आहे. माझे विरजण म्हणजे तांदळाच्या पिठीत मिसळलेली राखाडी भुकटी होती. शिवाय जाव्यात रात्रीही उकडते, ही गोष्ट मी पुरेशी गांभीर्याने घेतली नव्हती.

अर्धा किलो सोयाबीन रात्रभर भिजवले आणि सकाळी सोलायला बसलो. साल राहिले तर बुरशीला दाण्यात शिरता येत नाही, म्हणून ते काढावेच लागते. वालाच्या बिरड्या ज्याने सोलल्या आहेत त्याला मी काय भोगले ते सांगायला नको. फरक इतकाच की बिरडी सोलताना आमच्या घरात चार जण गप्पा मारत बसतात आणि सोयाबीन सोलताना प्रत्येकाला काही ना काही तातडीचे काम निघाले. पाण्यात दाणे तळहातांनी चोळायचे, वर तरंगलेली साले ओतून द्यायची आणि पुन्हा पाणी घालायचे, असे तासभर चालले. मग दाणे तासभर उकळले, निथळले, त्यांवर दोन मोठे चमचे व्हिनेगर घातले. हा आंबटपणा नको असलेल्या जिवाणूंना दूर ठेवतो. दाणे कोमट झाल्यावर पुडीवरच्या सूचनेप्रमाणे एक सपाट चमचा विरजण चोळले आणि सुईने सेंटीमीटरभर अंतरावर भोके पाडलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन बोटे जाडीचा थर भरला. भोके हवीतच, कारण बुरशीला श्वास घ्यावा लागतो. पण हवा फार मिळाली तर ती वाढायचे सोडून काळे बीजाणू धरू लागते.

पिशवीला सुमारे ३१ अंशांची ऊब लागते आणि आमच्या स्वयंपाकघरात तेव्हा १६ अंश होते. मी थर्मोकोलच्या खोक्यात पिवळा बल्ब लावला, आत तापमापक ठेवला आणि दर तासाला झाकण उघडून पाहू लागलो. “अहो, पोरांच्या वेळी तुम्ही एका रात्रीला तरी इतक्यांदा उठला होतात का?” असे पत्नीने विचारले. प्रश्न रास्त होता, म्हणून मी उत्तर दिले नाही.

बारा तास काहीच घडले नाही. चौदाव्या तासाला पिशवीच्या आतून दव धरले आणि दाण्यांवर धुके पसरल्यासारखी लव दिसली. मी कृतार्थ होऊन झोपी गेलो आणि तिथेच घात झाला, कारण एकदा वाढीला लागलेली बुरशी स्वतःच ऊब निर्माण करते, तिला माझ्या बल्बची गरज उरत नाही. सकाळी तापमापक ४३ अंश दाखवत होता. वडीचा मधला भाग स्वतःच्याच तापाने होरपळला होता आणि तिथे जिवाणूंनी राज्य थाटले होते. दाण्यांना हात लावला तर बुळबुळीत तार सुटत होती, आणि वास असा होता की शेजारच्या काकूंनी नळ तुंबला आहे का, अशी चौकशी केली. असा अमोनियाचा उग्र दर्प आणि चिकटपणा असला, किंवा गुलाबी, हिरवा, नारिंगी असा कुठला रंग दिसला, तर चव घेऊन पाहण्याचा मोह टाळून सगळे फेकून द्यावे. मी फेकले. आईने मात्र काहीही न बोलता उदबत्ती लावली, आणि ते अधिक लागले.

खरे तर चूक त्याआधीच झाली होती. मी दाणे निथळले होते, कोरडे केले नव्हते. वरवर ओलसर राहिलेला दाणा म्हणजे जिवाणूंना धाडलेले आमंत्रणच.

दुसऱ्या वेळी मी हरभऱ्याची डाळ घेतली. ती मुळातच सोललेली आणि दुभंगलेली असते, म्हणजे कष्टाचा अर्धा भाग दुकानदाराकडेच उरकतो. सहा तास भिजवून ती उघड्या पातेल्यात ठेवली, तोच आई म्हणाली, “अरे, कुकरला लाव, तीन शिट्ट्यांत लोण्यासारखी होईल.” लोणी तर होऊच द्यायचे नव्हते. पुरणाची डाळ जितकी गळायला हवी तितकी टेंपेची डाळ गळता कामा नये. बोटांत दाबली तर तुटावी, पण तिचा आकार शाबूत राहावा. दहा-बारा मिनिटांतच मी ती उतरवली. आई मागे उभी राहून “कच्ची आहे, कच्ची आहे” म्हणत होती. मग व्हिनेगर घालून डाळ कढईत मंद आचेवर हलवत राहिलो. डाळ कढईला चिकटेनाशी झाली आणि वरची चमक गेली, तेव्हा ती ताटात पसरून पंख्याखाली गार केली. हाताला जेमतेम कोमट लागू लागल्यावर विरजण लावले. गरम डाळीत ते मरते.

या वेळी लव दिसताच बल्ब बंद केला आणि झाकण तिरके ठेवले. रात्री दोनला खोक्यात आपोआप ३६ अंश झाले होते, तेव्हा झाकण पुरतेच काढले आणि चार वाजता ते पुन्हा अर्धे लावून निजलो. छत्तिसाव्या तासाला पिशवी उचलली, तर आतली डाळ सुटी न राहता पाटीसारखी अखंड उचलली गेली. वर दाट, पांढरी, मखमली साय होती आणि तिला ताज्या अळंबीचा वास होता. कापल्यावर कडेने एकही डाळ निखळली नाही आणि मधल्या फटीही तंतूंनी भरलेल्या होत्या. टेंपे झाले हे यावरून कळते. भोकांभोवती मात्र काळपट ठिपके होते. ते बुरशीच्याच बीजाणूंचे असतात आणि निरुपद्रवी असतात, हे मी आईला तीनदा सांगितले. तिने तेवढा भाग सुरीने काढून टाकला.

टेंपे शिजवूनच खायचे असते आणि फ्रीजमध्येही बुरशी हळूहळू जागीच असते, म्हणून मी सगळे त्याच दिवशी संपवायचे ठरवले. पातळ काप दहा मिनिटे वाफवले आणि पुढचे आईने माझ्या हातून काढून घेतले. हळद, तिखट, मीठ लावून, तांदळाच्या पिठीत घोळवून तिने ते सुरणाच्या कापांसारखे परतले. सहा काप खाल्ल्यावर तिने “सुरण बरे असते” असा निर्वाळा दिला आणि सातवा काप घेतला.

दुसऱ्या दिवशी मी पुढच्या घाण्यासाठी खोके उघडले, तर आत बल्ब चालू होता आणि त्याच्याखाली झाकण ठेवलेले दह्याचे पातेले होते. थंडीत दही लागत नाही, असे आईने सांगितले, आणि तुझा बल्ब जरा कमी शक्तीचा आहे, अशी तक्रारही केली.