प्रोडक्शनवाल्याची किंमत ड्रॉइंगवर ठरते

"मेकॅनिकलवाल्यांनो, दोन-तीन वर्षं प्रोडक्शनमध्ये गेली की डिझाइनचं दार बंद. तो अनुभव कुणी धरत नाही. कॅटिया-अॅन्सिसचा सहा महिन्यांचा कोर्स करा आणि फ्रेशर म्हणून पुन्हा सुरुवात करा."

असा सल्ला प्रोडक्शनमधून डिझाइनमध्ये जाऊ पाहणाऱ्यांना दिला जातो. पण अनुभव धरला जातो का, हे तुम्ही लाइनवर काय केलंत त्यावर ठरतं. फक्त शिफ्टचा आकडा काढला आणि माणसं सांभाळली असतील, तर डिझाइनच्या मुलाखतीत सांगायला खरोखर फारसं उरत नाही. पण रिजेक्शनमागचं कारण शोधत ड्रॉइंगपर्यंत गेला असाल, तर गोष्ट वेगळी.

एक साधा एल-ब्रॅकेट घ्या. पत्रा ३ मिमी, आतला बेंड रेडियस ३ मिमी, आणि एक भोक बेंडच्या इतकं जवळ की भोकाच्या कडेपासून बेंड सुरू होतो तिथपर्यंत जेमतेम ४ मिमी. भोक सपाट ब्लँकवर पाडलं जातं, तेव्हा गेज नीट जातो. प्रेस ब्रेकवर वाकवताना बेंडच्या बाहेरच्या बाजूचा पत्रा ताणला जातो, भोक लांबट होतं आणि असेंब्लीत बोल्ट अडतो. मग कुणीतरी ड्रिल घेऊन भोक मोठं करतं आणि लॉट पुढे जातो. हे सगळं ऑपरेटरच्या चुकीत जमा होतं, पण चूक ड्रॉइंगमध्ये आहे. रूढ नियम असा की भोकाची कड बेंडपासून जाडीच्या अडीच पट, अधिक बेंड रेडियस, इतकी दूर हवी. म्हणजे इथे साडेसात अधिक तीन, साडेदहा मिमी. तेवढी जागाच नसेल तर बेंडच्या रेषेवर रिलीफ कापायचा, किंवा भोक वाकवल्यानंतर पाडायचं आणि एका जादा ऑपरेशनचा खर्च मान्य करायचा. यातला कोणता पर्याय का निवडला हे जो सांगू शकतो, तो डिझाइनचंच काम करतोय. रेझ्युमेत "मॅनपॉवर हँडलिंग"च्या जागी हे लिहा.

आता कोर्स. सॉफ्टवेअर यायलाच हवं, त्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. पण कोर्समध्ये बटणं शिकवतात. आलेलं उत्तर तपासायला मात्र फार थोड्या ठिकाणी शिकवतात. तोच ब्रॅकेट बघा. रुंदी ४० मिमी, बेंडपासून १०० मिमीवर १०० न्यूटनचा भार. हाताने हिशोब केला तर वाकवणारा मोमेंट १०,००० न्यूटन-मिमी, सेक्शन मॉड्युलस ६० घन मिमी, म्हणून ताण सुमारे १६७ मेगापास्कल. हेच अॅन्सिसमध्ये करताना नवशिका मॉडेलमध्ये आतला कोपरा काटकोनात, धारदार ठेवतो. मेशची जाळी बारीक केली की तिथला ताण वाढतो, आणखी बारीक केली की आणखी वाढतो, कुठे थांबतच नाही. टोकाचं वाकणं मात्र जवळपास तेवढंच राहतं. यावरूनच ओळखायचं की तो आकडा पत्र्याचा नाही, मॉडेलमधल्या धारेचा आहे. हे कळलं नाही की माणूस घाबरून पत्रा ४ मिमी करतो आणि वजन एक तृतीयांशाने वाढतं.

ज्याने प्रेस ब्रेक पाहिलाय त्याला माहीत असतं की पत्रा असा धारेने वाकतच नाही. तो ३ मिमीचा रेडियस मॉडेलमध्ये टाकतो. मग ताण २१५च्या आसपास स्थिरावतो. वक्र भागात आतल्या बाजूला ताण सरळ पट्टीपेक्षा जास्त येतो, म्हणून हा फरक. २५० मेगापास्कल यील्डच्या स्टीलला हा स्थिर भार चालतो. धक्के किंवा कंपनं असतील तर फटीगचा हिशोब वेगळा करावा लागेल. मला तरी हा एक ब्रॅकेट, हातच्या हिशोबासह, पाच सर्टिफिकेटांपेक्षा मोलाचा वाटतो.

फ्रेशर म्हणून सुरुवात करण्याबद्दल: क्रॅश, सीएफडी अशा निव्वळ विश्लेषणाच्या कामांना ते बरंचसं लागू आहे. तिथे एमटेकवाले रांगेत असतात, आणि शॉपचा अनुभव त्या गणिताची जागा घेत नाही. पण प्लास्टिक, शीट मेटल, कास्टिंग यांच्या पार्ट डिझाइनमध्ये, फिक्स्चर आणि टूल डिझाइनमध्ये, नवं उत्पादन उभं करणाऱ्या एनपीडीमध्ये तसं नाही. चाकण-भोसरीच्या पट्ट्यातल्या सप्लायर कंपन्यांत पायलट लॉटच्या वेळी डिझाइनवाले लाइनवर येतातच. त्या लॉटचं मोजमाप आणि अडचणींची यादी स्वतःकडे मागून घ्या. प्रत्येक अडचणीसोबत ड्रॉइंगमधला बदल सुचवा, आणि बदलाच्या नोटवर तुमचं नाव राहील असं बघा. अशा चार-सहा नोटा हाती असल्या की आधी त्याच कंपनीत बदली मागा. बाहेर अर्ज केला तर तुमचं काम माहीत नसलेला माणूस फक्त पदनाम वाचतो. आत मागितली तर ज्याचं ड्रॉइंग तुम्ही सुधारलंत, तोच समोर बसलेला असतो.